चित्रात पैठणी, पार्सलात पॉलिस्टर

सणासुदीचे दिवस जवळ आले की मोबाइलच्या पडद्यावर पैठण्यांची रांग लागते. मोरांचा पदर, नारळी काठ, झगमगती जर आणि खाली किंमत अवघी 1,499 रुपये! 'आजचा शेवटचा दिवस' ही ओळही सोबत असतेच. पार्सल घरी आल्यावर पैसे द्यायचे असल्याने धोका वाटत नाही आणि मागणी नोंदवली जाते. आठवड्याभराने हाती पडते ती पातळ पॉलिस्टरची, पैठणीची नक्षी छापलेली साडी. तोवर जाहिरात गायब झालेली असते आणि संदेशांना उत्तर मिळत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील अशा दुकानांचा पहिला पुरावा किंमतच देते. हातमागावर अस्सल रेशमाची पैठणी विणायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. इतक्या श्रमांची साडी दीड हजारात मिळणे अशक्यच. विणकराने हाताने विणलेल्या पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ असते; यंत्रमागावरील नकलेच्या मागे मात्र सुटे धागे लोंबताना दिसतात. जाहिरातीत पदराची उलटी बाजू सहसा दाखवली जात नाही, ती याचसाठी.

'घरपोच पैसे' सुरक्षित का नाहीत?

पार्सल आल्यावर पैसे देणे म्हणजे माल पाहून पैसे देणे, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा कुरिअरचा माणूस पैसे घेतल्याशिवाय पाकीट उघडू देत नाही. कुरिअर कंपनीचा करार विक्रेत्याशी असतो, ग्राहकाशी नव्हे. गोळा झालेली रक्कम काही दिवसांनी विक्रेत्याला मिळते आणि कंपनी ग्राहकाला विक्रेत्याकडेच बोट दाखवते. आगाऊ रक्कम भरल्यास सूट देणाऱ्या दुकानांत तर धोका अधिक. तेथे पैसे बहुधा एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यात जातात आणि माल निघतच नाही.

मागणीपूर्वी दहा मिनिटे

प्रथम दुकानाचा इतिहास पाहावा. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावावर टिचकी मारल्यास About this account हा पर्याय मिळतो. फेसबुकच्या पानावर Page transparency असते. खाते कधी उघडले आणि पूर्वी त्याचे नाव काय होते, हे तेथे कळू शकते. काल दागिन्यांचे असलेले पान आज पैठणीचे झाले असेल, तर सावध व्हावे. टिप्पण्या बंद ठेवलेल्या असतील, तर तीही धोक्याची खूण होय.

दुसरी तपासणी छायाचित्राची. ते गुगल लेन्समध्ये टाकल्यास तीच साडी, तीच मॉडेल एखाद्या नामवंत पेढीच्या संकेतस्थळावर अनेक पट किमतीला दिसू शकते. छायाचित्र चोरीचे, म्हणजे माल दुसराच, हे उघड आहे.

तिसरी तपासणी पत्त्याची. ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या आस्थापनेने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. संकेतस्थळावर केवळ व्हॉट्सअॅप क्रमांक असेल, तर तेथे थांबावे. जीएसटी क्रमांक दिला असल्यास तो services.gst.gov.in वर तपासावा. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. येवल्याचा विणकर म्हणवणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच राज्यातील निघाला, तर खुलासा मागावा. मात्र घरातून विक्री करणाऱ्या लहान प्रामाणिक विक्रेत्याकडे हा क्रमांक नसूही शकतो. अशा वेळी व्हिडिओ कॉलवर साडी उलटसुलट करून दाखवायला सांगावे. खरा विक्रेता ती दाखवतो. चोरीच्या छायाचित्रांवर दुकान चालवणारा सबबी सांगतो.

फसवणूक झालीच तर

पार्सल उघडताना वेष्टनावरील पत्ता आणि कुरिअर क्रमांक दिसेल असे चित्रीकरण करावे. जाहिरात, संभाषण आणि पैसे भरल्याची नोंद यांची छायाचित्रे त्याच दिवशी जपून ठेवावीत, कारण पान नाहीसे होण्यास वेळ लागत नाही. निकृष्ट मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल, तर विलंब न लावता 1930 वर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते.

यानंतरही एक सापळा उरतो. 'पैसे परत करतो' असे सांगून दुकानदार दुवा पाठवतो आणि यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो टाकला की दीड हजाराच्या साडीचा तोटा संपूर्ण खात्यावर जाऊ शकतो.