आधी पूर्वेला की आधी उत्तरेला?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात एक प्रश्न हमखास भेटतो. एक फंक्शन दिलेलं असतं, समजा x²y³, आणि खाली लिहिलेलं असतं की मिश्र आंशिक विकलज समान आहेत हे पडताळून पाहा. मराठी माध्यमातून आलेली मुलंही वर्गात त्यांना ‘पार्शल डेरिव्हेटिव्ह’च म्हणतात. आधी y स्थिर धरून x च्या संदर्भात विकलन करायचं, 2xy³ येतं. मग त्याचं y च्या संदर्भात, 6xy². आता उलट क्रमानं: आधी 3x²y², मग पुन्हा 6xy². जुळलं की मार्क मिळाले. नाही जुळलं तर चूक आपलीच, याबद्दल कुणालाच शंका नसते. मुलं निमूटपणे दोन ओळी मागं जातात, सुटलेलं उणे चिन्ह शोधून काढतात आणि पुढचं गणित घेतात.

एक फंक्शन मात्र असं आहे, की तिथं एका क्रमानं उणे एक येतं, दुसऱ्या क्रमानं अधिक एक येतं, आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतात. त्याच्याकडे जाण्याआधी एरवी ही उत्तरं जुळतात तरी का, ते पाहू. मला तरी ते उघड वाटत नाही.

फंक्शन म्हणजे एक उंचसखल जमीन समजा. x पूर्वेकडे, y उत्तरेकडे, आणि फंक्शनची किंमत म्हणजे त्या जागेची उंची. पहिला मिश्र विकलज विचारतो: मी उत्तरेकडे सरकलो, तर पूर्वेकडचा चढ किती बदलतो? दुसरा विचारतो: मी पूर्वेकडे सरकलो, तर उत्तरेकडचा चढ किती बदलतो? प्रश्न दोन वेगळे आहेत. त्यांचं उत्तर एकच का असावं?

जमिनीवर चार खुंट्या ठोकून बघा. एक आपल्या पायाशी, दुसरी h अंतरावर पूर्वेला, तिसरी k अंतरावर उत्तरेला आणि चौथी समोरच्या ईशान्य कोपऱ्यात. वरच्या बाजूनं पूर्वेकडे जाताना जितकं चढलो, त्यातून खालच्या बाजूनं जाताना जितकं चढलो ते वजा करा. आता उजव्या बाजूनं उत्तरेकडचं चढणं घ्या आणि त्यातून डाव्या बाजूचं वजा करा. चारही उंचींचा हिशेब मांडलात तर दोन्ही वेळा तेच निघतं: ईशान्य कोपरा अधिक पायाशी असलेला कोपरा, वजा बाकीचे दोन. या आकड्याला चौकटीच्या क्षेत्रफळानं, म्हणजे hk नं भागलं, की मिश्र विकलजाचा अंदाज मिळतो. दोन्ही प्रश्नांचा अंदाज एकच.

मग बिघडतं कुठं? चौकट लहान करत नेताना. पहिल्या विकलजात आधी h शून्याकडे जातो, k तसाच राहतो, आणि मग k ची पाळी येते. दुसऱ्यात उलट. म्हणजे एकदा चौकट उभट होत नाहीशी होते, एकदा आडवी पसरट होत. जमीन नीट वागणारी असेल तर याचा फरक पडत नाही. ऑयलर आणि क्लेरो यांनी १७४०च्या सुमारास या समानतेच्या सिद्धता दिल्या, आणि पुढं शंभराहून अधिक वर्षं अनेकांनी आपापल्या सिद्धता मांडल्या. १८६७ मध्ये लिंडेलॉफ यानं त्यांतल्या फटी दाखवल्या. १८७३ मध्ये श्वार्झ यानं समानता मोडणारं पहिलं उदाहरण दिलं आणि कोणत्या अटीवर ती टिकते हेही सिद्ध केलं. त्याच्या उदाहरणात व्यस्त त्रिकोणमितीय फलं होती. आज पुस्तकांत दिसतं ते पेआनोचं, १८८४ मधलं, त्याहून सुटसुटीत:

```
f(x, y) = xy(x² − y²) / (x² + y²)
f(0, 0) = 0
```

याची जमीन डोळ्यांसमोर आणायला सोपी आहे. आरंभबिंदूभोवती ४५ अंशांच्या आठ पाकळ्या, एक उंचवटा, एक खळगा, पुन्हा उंचवटा. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन्ही रेषांवर उंची नेमकी शून्य. मध्यापासून १ मीटरवर सर्वांत उंच जागा २५ सेंटिमीटरची. १० सेंटिमीटरवर ती अडीच मिलिमीटर. मध्याशी जमीन इतकी सपाट होत जाते, की तिथं काही बिनसलंय असं कुणाला वाटणार नाही. कुठं भेग नाही, कुठं टोक नाही.

आता मध्यावर उभे राहून तीच चौकट आखा. चारपैकी तीन खुंट्या शून्य उंचीच्या रेषांवरच आहेत, म्हणून हिशेबात एकटा ईशान्य कोपरा उरतो. त्याच्या उंचीला hk नं भागलं की राहतं:

```
(h² − k²) / (h² + k²)
```

सगळं नाटक या एका अपूर्णांकात आहे. h आधी शून्य केला तर −k² भागिले k², म्हणजे −१. k आधी शून्य केला तर +१. चौकट लहान करून काही साधत नाही, कारण किंमत आकारावर नाही, लांबी-रुंदीच्या प्रमाणावर ठरते. १० मीटर बाय १ मीटरच्या चौकटीला ९९ भागिले १०१, म्हणजे जवळपास ०.९८, १० मिलिमीटर बाय १ मिलिमीटरलाही तेच.

जमिनीवर चालून याची खात्री करता येते. मध्यापासून सरळ उत्तरेला १ मीटर जा. तिथं पूर्वेकडे तोंड केलं तर पायाखाली −१ चा उतार आहे. २ मीटरवर −२. म्हणजे उत्तरेकडे सरकावं तसा पूर्वेकडचा चढ मीटरमागं एकनं घटतो. उलट पूर्वेला १ मीटर जाऊन उत्तरेकडे पाहिलं तर +१ चा चढ समोर येतो.

मध्य सोडून इतर प्रत्येक ठिकाणी मात्र दोन्ही क्रमांचं उत्तर एकच येतं. तिथं मिश्र विकलज फक्त दिशेवर अवलंबून असतो: पूर्वेच्या रेषेवर सगळीकडे १, उत्तरेच्या रेषेवर −१, ईशान्येच्या कर्णावर ०. या साऱ्या किमती मध्यापर्यंत तशाच धावत येतात आणि तिथं त्यांच्यात एकमत होत नाही. मिश्र विकलज त्या बिंदूपाशी संतत असेल तर समानता नक्की, ही प्रमेयाची नेहमीची अट. ती इथं मोडते. अट मोडली की समानता मोडतेच असं नाही, फक्त तिची हमी जाते. x²y³ सारख्या बहुपदींत ही अट कधीच मोडत नाही, म्हणून परीक्षेतल्या मुलांनी चिन्ह स्वतःच्याच वहीत शोधावं.

कॉम्प्युटरवर हे प्रकरण आणखी मजेशीर होतं. मिश्र विकलज काढणारे बरेच प्रोग्राम h आणि k सारखेच घेतात. मग वरच्या अपूर्णांकात अंश शून्य, आणि उत्तर ठामपणे ०, जे ना पहिल्या क्रमाचं ना दुसऱ्या. पावलं कितीही बारीक केली तरी ते शून्य हलत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ते भरवशाचं वाटतं. पकडायचं असेल तर पावलं असमान करायला हवीत. पूर्वेचं पाऊल दुप्पट केलं की ०.६ येतं, उत्तरेचं दुप्पट केलं की −०.६.