चोरीला गेलेली मोटारसायकल आणि नाकारलेला क्लेम

‘घटनेची सूचना कंपनीस तत्काळ न दिल्याने पॉलिसीच्या अट क्रमांक 1 चा भंग झाला आहे, सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.’ गाडी चोरीला गेल्यावर चार-सहा महिने वाट पाहून हातात अशा आशयाचं पत्र पडलं, की बहुतेक माणसं तिथेच हात टेकतात. कंपनीने अटीचा क्रमांक दिलाय म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटतं. या कारणाने नाकारलेले कितीतरी दावे लढवण्याजोगे असतात. त्याची सुरुवात होते ती कंपनीला लिहिलेल्या एका नीट तक्रारपत्राने.

एक नमुना घेऊन बघू. चाकणला कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाची मोटारसायकल 3 मार्चच्या रात्री खोलीसमोरून गेली. सकाळी त्याने आधी 112 ला फोन केला, मग पोलीस ठाण्यात जाऊन त्याच दिवशी एफआयआर नोंदवली. ‘दोन-तीन आठवडे थांबा, सापडेल कदाचित,’ असं ठाण्यात सांगितलं, म्हणून तो थांबला. विमा कंपनीला त्याने 25 मार्चला कळवलं. कंपनीने तपासनीस पाठवला. त्याने दोन्ही चाव्या, आरसी आणि पॉलिसी घेतली, शेजाऱ्यांचे जबाब लिहून घेतले. पुढे पोलिसांनी ए समरी अहवाल दिला. गुन्हा खरा आहे, पण आरोपी आणि मुद्देमाल मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. आणि ऑगस्टमध्ये नकाराचं पत्र आलं. कारण एकच: कळवायला एकवीस दिवसांचा उशीर.

आता ती अट क्रमांक 1 मुळातून वाचायला हवी. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘अटी’ या मथळ्याखाली ती पहिलीच असते. अपघात झाला तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवा, असं ती म्हणते. त्यापुढे चोरीबद्दल वेगळं वाक्य येतं. चोरी किंवा अन्य गुन्हा झाला तर विमाधारकाने तत्काळ पोलिसांना कळवावं आणि कंपनीला सहकार्य करावं. हा फरक कळीचा आहे. अपघातग्रस्त गाडी जागेवर असते, ती दुरुस्त होण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हेअरने नुकसान पाहणं गरजेचं असतं. चोरीला गेलेली गाडी शोधायचं काम मात्र पोलिसांचं. कंपनीला पहिल्याच दिवशी कळवलं असतं, तरी कंपनी नाकाबंदी लावू शकली नसती.

हेच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 24 जानेवारी 2020 रोजी ‘गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स’ या प्रकरणात सांगितलं. तिथे ट्रॅक्टर चोरीला गेला होता. एफआयआर त्याच दिवशी झाली, कंपनीला मात्र 52 दिवसांनी कळवलं गेलं. पोलिसांना लगेच कळवलंय, गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल आलाय आणि कंपनीच्याच तपासात चोरी खरी ठरलीय, अशा वेळी केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. 2022 मध्ये ‘जैना कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या प्रकरणातही न्यायालयाने हाच न्याय लावला. तिथे एफआयआर दुसऱ्या दिवशी झाली होती आणि कंपनीला कळवायला जवळपास पाच महिने लागले होते.

आपल्या तरुणाने पत्र लिहायचं ते या जोरावर. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. पत्ता आणि ईमेल पॉलिसीवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. वर विषयात पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक, गाडीचा नंबर आणि नकारपत्राची तारीख. मजकूर एवढाच पुरे:

‘माझी मोटारसायकल 3 मार्चच्या रात्री चोरीला गेली. 4 मार्चला सकाळी मी 112 वर कळवले व त्याच दिवशी एफआयआर नोंदवली. गाडी सापडेल, थांबा, असे पोलिसांनी सांगितल्यामुळे आपणास 25 मार्चला कळवले. आपल्या तपासनीसास मी दोन्ही चाव्या व सर्व कागदपत्रे दिली. पोलिसांचा ए समरी अहवाल सोबत जोडला आहे. आपल्या नकारपत्रात चोरी खोटी असल्याचे कोठेही म्हटलेले नाही; उशीर हे एकच कारण दिले आहे. गुरशिंदर सिंग प्रकरणातील निकालानुसार हे कारण टिकत नाही. तरी पॉलिसीत नमूद आयडीव्हीची रक्कम 63,000 रुपये व्याजासह द्यावी. आपल्या तपासनीसाच्या अहवालाची प्रतही द्यावी.’

यात मनस्ताप, हप्त्यांचा बोजा, एजंटाने दिलेली आश्वासनं यातलं काही नाही. ते सगळं खरं असतं, पण त्याने मुद्दा पातळ होतो. ‘आपल्या नकारपत्रात चोरी खोटी असल्याचे म्हटलेले नाही’ हे वाक्य मात्र वगळू नये. नकारपत्रात जी कारणं दिली, त्यांनाच कंपनी बांधलेली असते, पुढे न्यायालयात नवी कारणं काढता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. म्हणून उत्तर फक्त लिहिलेल्या कारणाला द्यावं. न विचारलेल्या गोष्टींचा खुलासा करत बसू नये.

63,000 कुठून आले? पॉलिसी घेताना गाडीला दोन वर्षं उलटली होती, तीन झाली नव्हती. त्या वयाच्या गाडीला किमतीवर 30 टक्के घसारा धरतात, म्हणजे 90,000 चे 63,000. हा आकडा पॉलिसीवर छापलेला असतो आणि वर्षभर तोच राहतो. चोरी अकराव्या महिन्यात झाली म्हणून तो कमी होत नाही.

या निकालाला मर्यादाही आहे. एफआयआरच दहा-पंधरा दिवसांनी झाली असेल तर तो तुमच्या मदतीला सहज येत नाही. अनेक ठाण्यांत आधी नुसता तक्रार अर्ज घेतात आणि गुन्हा नंतर नोंदवतात. त्यामुळे अर्जाच्या प्रतीवर त्याच दिवशीचा सही-शिक्का घ्या, 112 ला केलेल्या कॉलची नोंद मोबाइलमध्ये जपून ठेवा. पोलिसांना तत्काळ कळवल्याचा तोच पुरावा. चावी गाडीलाच राहिली होती म्हणून दावा नाकारला असेल, तर लढाई वेगळी होते. अशा निष्काळजीपणाच्या काही प्रकरणांत न्यायालयांनी 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देववली आहे, पूर्ण नव्हे.

पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीला आधी लेखी तक्रार केल्याशिवाय मात्र लोकपाल प्रकरण घेत नाही. ते पत्र लिहायचं ते त्यासाठीही. ग्राहक आयोगात प्रकरण दाखल करून झालं असेल, तर त्याच तक्रारीसाठी लोकपालाचा दरवाजा बंद होतो, तेव्हा क्रम आधीच ठरवा.

लोकपालाकडे जायची मुदत कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्ष, ग्राहक आयोगाची दोन वर्षं. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. नकारपत्र ज्या दिवशी हातात पडेल, त्याच दिवशी त्यावर तारीख घाला आणि महिना उलटायच्या आत पत्र रवाना करा.