तोंड वाकडं झालं म्हणजे अर्धांगवायूच का?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागतं. आरशात पाहावं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. घरात कुणी लगेच 'लकवा मारला' म्हणतं, तर कुणी रात्रीच्या एसटीतल्या खिडकीच्या वाऱ्यावर खापर फोडून शेक घ्यायला सांगतं. पहिल्या शंकेनं निदान माणूस दवाखान्यात तरी पोचतो. दुसऱ्या सल्ल्यात मात्र उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

गैरसमज : चेहरा वाकडा झाला की मेंदूचा झटकाच.

वस्तुस्थिती कपाळावर दिसते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात, गालाला आणि ओठाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तरी बहुधा भुवई उचलता येते, डोळा मिटतो, फक्त तोंडाचा खालचा भाग लोंबतो. चेहऱ्याची नसच कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजून दबली, तर कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू ढिली पडते. कारण सापडत नाही अशा या दुखण्याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या नसेचं काम उलगडून दाखवणाऱ्या स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांचं ते नाव.

समजा, पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका आहेत, त्यांना मधुमेह आहे. आदल्या संध्याकाळी डाव्या कानामागे दुखत होतं. सकाळी चहा बेचव लागला, भांड्यांचा आवाज त्या कानाला असह्य झाला आणि दुपारपर्यंत डावा गाल पूर्ण ढिला पडला. डॉक्टर म्हणतात, "भुवया वर करा." उजव्या कपाळावर आठ्या पडतात, डावं कपाळ सपाटच राहतं. "डोळे घट्ट मिटा." डावी पापणी अर्ध्यावर थांबते आणि बुबुळ वर सरकून नुसता पांढरा भाग दिसतो. हातापायांत ताकद आहे, बोलणं स्पष्ट आहे, चालताना तोल जात नाही. हे चित्र नसेच्या दुखण्याचं आहे.

पण ही परीक्षा घरी करून निश्चिंत होऊ नये. मेंदूच्या खोडात झटका आला तर कपाळही ढिलं पडू शकतं. तेव्हा सोबत एकाची दोन दिसणं, भोवळ, हात जड होणं असं काहीतरी बहुधा असतं. झटका काही क्षणांत येतो, बेल्स पाल्सी काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढते. शंका आली तर १०८ ला फोन करावा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

गैरसमज : कानाचा याच्याशी काय संबंध?

चेहऱ्याची नस मधल्या कानाला अगदी लागून जाते. म्हणून शिक्षिकाबाईंच्या कानात दुर्बीण घालून पाहणं ही औपचारिकता नाही. कान वाहत असेल, पडद्यामागे पू असेल, तर तो संसर्ग नसेपर्यंत पोचलेला असू शकतो. मग प्रतिजैविकं आणि कधी शस्त्रक्रियाही लागते. कानाच्या पाळीवर किंवा आत पाण्याचे बारीक फोड असतील, कानात ठणका असेल, ऐकू कमी येत असेल किंवा गरगरत असेल, तर ती कानाची नागीण. तिला स्टिरॉइडबरोबर विषाणूविरोधी गोळ्या लागतात आणि बरं होण्याची शक्यता बेल्स पाल्सीपेक्षा कमी असते. मधुमेही माणसाचा कान रात्ररात्र ठणकत असेल तर बाहेरच्या कानातला संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागते. बाईंचा कान स्वच्छ निघाला.

गैरसमज : आपोआप बरं होतं, मग स्टिरॉइड कशाला? त्यात मधुमेह!

बहुतेक जण औषधाशिवायही सुधारतात, हे खरं. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीत नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. त्या चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम, दहा दिवस दिलं होतं आणि तेही दुखणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत. नसेची सूज लवकर उतरवणं हाच हेतू असल्यानं उशिरा सुरू केलेल्या गोळीचा भरवसा कमी. नुसत्या विषाणूविरोधी गोळ्यांनी मात्र बेल्स पाल्सीत फायदा होत नाही. स्टिरॉइडनं साखर वाढते, म्हणून शिक्षिकाबाईंनी रोज साखर तपासायची आणि मधुमेहाचं औषध डॉक्टरांकडून तात्पुरतं वाढवून घ्यायचं. मधुमेह आहे एवढ्यावरून गोळी नाकारणं चुकीचं. पोटात व्रण किंवा चालू संसर्ग असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

गोळीइतकीच काळजी उघड्या डोळ्याची घ्यावी लागते. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम आणि पापणी नीट मिटवून वरून चिकटपट्टी. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. आणि तीन महिन्यांत सुधारणा नसेल, किंवा ढिलेपणा आठवडे-महिने हळूहळू वाढत असेल, तर ती बेल्स पाल्सी नाही असं धरून कानाजवळच्या लाळग्रंथीतली गाठ वगैरे शोधण्यासाठी एमआरआय करून घ्यावा.