पाणी कोण आणि विहीर कोण?
गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सेहेचाळिसावा श्लोक : ज्ञानेश्वरीतला आणि गीतारहस्यातला

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या सेहेचाळिसाव्या श्लोकात एक दृष्टान्त आहे. त्यात पाणी आहे, पाण्याचे एक ठिकाण आहे आणि त्यांच्या जोडीला वेद व जाणता ब्राह्मण आहेत. या दृष्टान्तातले पाणी म्हणजे कोण, असे ज्ञानेश्वरीला विचारले तर उत्तर येते : वेद. गीतारहस्याला विचारले तर उत्तर येते : ज्ञान, वेद म्हणजे त्या पाण्यात बुडालेली विहीर. मराठीतले हे दोन मोठे ग्रंथ एकाच श्लोकावर समोरासमोर उभे राहतात. ज्ञानेश्वर भक्त होते आणि टिळक कर्मयोगी, म्हणून असे झाले, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. फरक नेमका कोणत्या शब्दाशी सुरू झाला आणि कुठे जाऊन थांबला, हे बोट ठेवून दाखवता येते.

आधी दोघांचे म्हणणे पाहू. ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके 1212 मध्ये, या श्लोकासाठी चार ओव्या आहेत. वेदांनी पुष्कळ काही सांगितले असले, नाना भेद सुचवले असले, तरी आपण आपल्या हिताचे तेवढेच घ्यावे, असे पहिली ओवी सांगते. दुसरीत ज्ञानेश्वर मूळ श्लोकात नसलेला दृष्टान्त घालतात : सूर्य उगवला की सगळ्या वाटा दिसू लागतात, पण म्हणून कोणी सगळ्या वाटा चालत नाही. तिसरीत मूळचे पाणी येते. सारी पृथ्वी जलमय झाली तरी माणूस तहानेपुरतेच पाणी घेतो. चौथीत सांधा जुळतो : ज्ञानी लोक वेदार्थाचा विचार करतात आणि त्यातले शाश्वत तेवढे स्वीकारतात.

टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिले आणि 1915 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या भाषांतराचा आशय असा : चोहोकडे पाण्याचा पूर आला असता विहिरीचे जेवढे प्रयोजन उरते, तेवढेच ज्ञान झालेल्या ब्राह्मणाला सर्व वेदांचे उरते. पुरात विहिरीकडे कोणी जात नाही, तेव्हा ‘तेवढेच’ म्हणजे काहीच नाही. हा ‘काहीच नाही’ टिळकांनी कंसात घातला आहे. वेद या शब्दाआधीही एक कंस आहे आणि त्यात हे वेद कर्मकांडाचे, असे सुचवले आहे. या दुसऱ्या कंसाकडे पुढे परत यावे लागेल.

एकीकडे वेद हे न संपणारे पाणी आणि त्यातून निवड करायची; दुसरीकडे वेद ही निरुपयोगी झालेली विहीर. मूळ श्लोक एकच असताना हे होते, कारण त्यातली दोन पदे सप्तमीत आहेत आणि दोन्हींचा शेवट सारखाच होतो : ‘उदपाने’ आणि ‘संप्लुतोदके’. पहिले पाण्याच्या ठिकाणाचे नाव, दुसरे म्हणजे ‘पाण्याने भरून वाहणारे’. दुसरे पद पहिल्याचे विशेषण मानले तर अर्थ होतो ‘चोहोबाजूंनी तुडुंब भरलेल्या जलाशयात’. तेच पद स्वतंत्र मानले तर ती सतिसप्तमी होते, म्हणजे मराठीत आपण ‘पाऊस पडत असता’ म्हणतो तशी रचना : ‘सगळीकडे पाणी भरले असता, विहिरीत’. पहिल्या वाचनात चित्रात एकच जलाशय आहे, दुसऱ्यात विहीर आणि पूर अशा दोन वस्तू आहेत. व्याकरणाला दोन्ही चालतात.

एकच जलाशय मानला की दृष्टान्ताला तुलनेसाठी माणूस लागतो. भरलेल्या तळ्यावर आलेला तहानलेला माणूस किती पाणी घेईल? लागेल तेवढे. असा अर्थ रामानुजांच्या भाष्यात स्पष्ट आहे. दोन वस्तू मानल्या की त्या दोन्हींची तुलना होते आणि माणूस मागे सरतो. पूर आणि विहीर यांत विहीर हरणारच. टिळकांचे भाषांतर याच वाटेने जाते.

‘अर्थ’ या पदाचेही तसेच. तहानेच्या वाचनात ‘जेवढा अर्थ’ म्हणजे जेवढी गरज, जेवढे हवे तेवढे माप. पुराच्या वाचनात ‘जेवढा अर्थ’ म्हणजे उरलेला उपयोग. टिळकांच्या बाजूने गीतेतूनच एक बळकट साक्ष काढता येते. तिसऱ्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात आत्मज्ञानी पुरुषाला काही केल्याने वा न केल्याने कोणताच अर्थ नसतो असे म्हटले आहे आणि तिथे ‘अर्थ’ म्हणजे प्रयोजन यात शंका नाही. विषयही तोच आहे : ज्ञान झाल्यावर काय लागते आणि काय लागत नाही.

ज्ञानेश्वरांच्या ओवीत मात्र एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. तिच्यात विहीर नाहीच, तळेही नाही. सारे महीतळच पाण्याचे झाले आहे. म्हणजे ‘सर्वतः’ आणि ‘संप्लुतोदके’ यांतून उभे राहणारे पुराचे चित्र त्यांनी टिळकांइतकेच मोकळे घेतले. त्याला जलाशयाचे विशेषण करून आवळले नाही. अर्थ मात्र रामानुजांच्या बाजूचा निघाला. मग ‘उदपाने’ गेले कुठे? माझा तर्क असा की त्या पदातला ‘पान’ हा भाग त्यांच्या कानात पिण्याच्या क्रियेसारखा वाजला असावा. ‘पाणी पिण्यात जेवढा अर्थ’ असे ऐकले की विहीर आपोआप नाहीशी होते आणि तहान उरते. व्याकरण या तर्काला फारशी साथ देत नाही. ‘उदक’चे ‘उद’ होते ते शब्द एखाद्या वस्तूचे नाव असताना, असा पाणिनीचा नियम आहे, आणि अमरकोशात उदपान हा शब्द कूपाच्या पर्यायांत दिला आहे. म्हणून ओवीला शब्दशः भाषांतर म्हणून तपासले तर तिथे एक पद गळले आहे, एवढे नोंदवून पुढे जावे लागते.

ते गळणे का परवडले, याचे उत्तर चार ओव्या मागे आहे. पंचेचाळिसावा श्लोक वेदांना त्रिगुणांच्या कक्षेत बसवतो आणि अर्जुनाला त्यांच्या पलीकडे जायला सांगतो. त्यावर बोलताना ज्ञानेश्वर वेदाची फोड करतात : उपनिषदे वगैरे भाग सात्त्विक, आणि जिथे कर्मांचे निरूपण आहे, जिथे फक्त स्वर्गाकडे बोट दाखवले आहे, तो भाग रज-तमाचा. मग लगेच सेहेचाळिसावा श्लोक येतो. समोर ‘सर्व वेद’ आहेत आणि त्यांत टाकायचे व घ्यायचे हे आधीच वेगळे करून ठेवले आहे. अशा वेळी निवडीचा दृष्टान्त सोपा पडतो. सूर्याचा दृष्टान्त याच कारणासाठी आला. उजेडाने कोणतीच वाट खोटी ठरत नाही. आपल्याला जायचे तिथली वाट धरायची एवढेच.

वेदाला निरुपयोगी म्हणणे ज्ञानेश्वरांना कठीणही होते. सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस ते श्रुतीला जगाची माउली म्हणतात. अहितापासून काढणारी, हित देऊन वाढवणारी. वेदावर टीका करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती केली आहे आणि फार धारदार केली आहे. अठराव्या अध्यायात वेद संपन्न असूनही कृपण आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागतो, असे ते सांगतात. पण त्या तक्रारीचा रोख वेदाजवळ पाणी नाही असा नाही. पाणी आहे, पण ते सर्वांना देत नाही, असा आहे.

टिळकांपुढची अडचण निराळी दिसते आणि मुळाशी तीच आहे. श्लोकात ‘सर्वेषु’ हे पद आहे. सर्व वेद निरुपयोगी म्हटले तर उपनिषदेही गेली, कारण ती वेदाचाच भाग. आणि मग ज्या ज्ञानाने वेद निरुपयोगी होतो ते ज्ञान सांगणारा ग्रंथच निरुपयोगी ठरतो. शिवाय विहिरीबरोबर कर्मही बुडाले, असा अर्थ कोणी काढला तर कर्मयोगाचा पायाच जातो, आणि पुढचाच श्लोक कर्माच्या अधिकाराचा आहे. म्हणून तो दुसरा कंस. ज्ञान्याला गरज उरत नाही ती कर्मकांडाच्या वेदाची, काम्य कर्मांची. लोकसंग्रहासाठी करायचे कर्म त्याला सुटत नाही. कंसातला शब्द श्लोकात नाही. तो टिळकांनी मागच्या-पुढच्या श्लोकांवरून आणला आणि कंसात ठेवून तो आणल्याची खूणही राखली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

म्हणजे वेदाचे दोन भाग दोघांनीही केले. ज्ञानेश्वरांनी ते आधीच्या ओव्यांत केले, म्हणून या श्लोकात त्यांना सगळा वेद पाण्याच्या जागी ठेवता आला आणि त्यातले शाश्वत तेवढे उचलता आले. टिळकांनी ते इथेच, शब्दाला चिकटून केले, म्हणून वेद विहिरीएवढा लहान झाला आणि त्याचे प्रयोजन शून्यावर आले. एकाने सगळे ठेवून थोडे घेतले, दुसऱ्याने आधी थोडे केले आणि मग तेही सोडले. ज्ञान्याच्या हाती दोघांकडेही तेच उरते, उपनिषदांचे.

इथे शंकराचार्यांचे भाष्य आठवते, कारण ज्ञानेश्वर ग्रंथाच्या शेवटी भाष्यकारांना वाट विचारत आलो असे म्हणतात आणि भाष्यकार म्हणजे आचार्य असे बहुधा मानले जाते. या श्लोकावर आचार्यांचा अर्थ असा : विहीर, तळे अशा लहान जलाशयांनी जे काम होते ते सगळे चोहोकडे भरलेल्या पाण्यात सामावते, तसे वेदोक्त कर्मांचे फळ ज्ञानाच्या फळात सामावते. यात पाणी म्हणजे ज्ञान, टिळकांप्रमाणेच. पण विहीर टाकाऊ होत नाही, ती मोठ्या पाण्यात सामावली जाते. त्यासाठी ‘यावान्’ आणि ‘तावान्’ ही जोडी श्लोकात एकदाच असताना ती दोनदा मानावी लागते : पहिल्या अर्ध्यात एक ‘तावान्’ आणि दुसऱ्यात एक ‘यावान्’ पदरचे घालावे लागते. टिळकांच्या अन्वयात हे अध्याहार लागत नाहीत. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी भाष्यकारांची वाट सोडली आहे, हे ओव्या वाचताना सहसा लक्षात येत नाही.

या श्लोकापुरते माझे मत टिळकांकडे झुकते. ‘यावान्-तावान्’ची जोडी दोन बाजू सारख्या मापाच्या आहेत असे सांगते, आणि पूर व विहीर ठेवल्या की ते माप कुठेही ताणावे लागत नाही. त्रेचाळिसाव्या-चव्वेचाळिसाव्या श्लोकांतला फळांच्या मागे लागलेल्यांवरचा राग आणि पंचेचाळिसाव्यातला आदेश यांच्या ओघात ‘आता विहिरीचे काम उरले नाही’ हेच ठीक बसते. पण एक पुरावा उलट बाजूलाही आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातल्या सनत्सुजातीयात या श्लोकाचे भावंड सापडते. त्याच्या पहिल्या अर्ध्यात ‘यावान् अर्थ’ नाही. त्याजागी उदपानाला ‘महति’, म्हणजे मोठे, असे विशेषण आहे. एकदा ते जोडले की शेजारचे ‘संप्लुतोदके’ही त्याच उदपानाचे विशेषण वाटू लागते : मोठा, चोहोबाजूंनी भरलेला जलाशय. पूर येऊन बुडणारी विहीर मोठी असण्याचे कारण काय? ज्या परंपरेत हा दृष्टान्त फिरत होता तिच्यात निदान एका ठिकाणी तो एका भरलेल्या जलाशयाचा होता, आणि तिथे ज्ञानेश्वरांचा तहानलेला माणूस टिळकांच्या पुरापेक्षा जवळचा वाटतो.