पेठेचं पान कोथरूडला चालत नाही

सकाळी नऊ

पुण्यातल्या एका चष्म्याच्या दुकानाच्या चार शाखा आहेत: सदाशिव पेठ, कोथरूड, औंध आणि मगरपट्टा. संकेतस्थळावर प्रत्येक शाखेचं एक पान आहे आणि ती चारही पानं आज नव्याने लिहायची आहेत. आधी जुना मजकूर वाचला. ‘औंधमधील विश्वासार्ह चष्म्याचे दुकान. अनुभवी तज्ज्ञ, अत्याधुनिक यंत्रे, वाजवी दर.’ औंधच्या जागी कोथरूड टाकलं की कोथरूडचं पान तयार. यात खोटं काही नाही, पण कोथरूडच्या माणसाला आपल्या जवळच्या दुकानाबद्दल यातून काहीच कळत नाही. मजकूर सारखा असला की गूगल शिक्षा करतं, असा एक समज आहे. तसं नाही. जवळपास सारख्या पानांतलं एखादं ते दाखवायला निवडतं आणि बाकीची मागे पडतात. तोटा होतो तो असा.

यावर शब्द फिरवून लिहिणं हा उपाय नव्हे. ‘वाजवी दर’चं ‘परवडणाऱ्या किमती’ केल्याने पान वेगळं होत नाही. मी वाक्यातलं ठिकाणाचं नाव काढून दुसऱ्या शाखेचं घालून बघते. वाक्य तरीही खरं राहिलं, तर ते त्या शाखेचं नाही. वॉरंटी, फ्रेम बदलून देण्याचे नियम हे सगळीकडे सारखेच असतात. ते चारही पानांच्या शेवटी दोन ओळींत, जसेच्या तसे ठेवायचे.

साडेदहा

सदाशिव पेठेत काउंटरच्या मागे बसले आहे. तीस वर्षं इथे असलेल्या काकांना विचारलं, “फोन येतात ते कशासाठी?”

“दोनच प्रश्न, ताई. गाडी कुठे लावू, आणि चष्मा आजच मिळेल का.”

मग पान त्या दोन उत्तरांनीच सुरू होईल. दुकान पी-१ च्या बाजूला आहे, म्हणजे विषम तारखेला दुचाकी दारासमोर लावता येते आणि सम तारखेला समोरच्या बाजूला. (३१ तारखेनंतर १ येते, तेव्हा सलग दोन दिवस दारासमोर.) काच फ्रेमच्या मापात घासायचं यंत्र दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. चार शाखांमध्ये ते एकच. त्यामुळे साध्या, एकाच नंबरच्या काचा साठ्यात असतील तर तासाभरात चष्मा हातात पडतो. प्रोग्रेसिव्ह काचा मात्र मागवाव्या लागतात, त्याला चार-पाच दिवस जातात. सुटलेला स्क्रू, तुटलेलं नाकाचं पॅड हे उभ्या उभ्या होतं. हे शेवटचं काकांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं, कारण ते रोजचंच. गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत असतं.

साडेबारा

कोथरूड. इथली गिऱ्हाइकं बरीचशी ज्येष्ठ. शाखा सांभाळणाऱ्या ताई सांगतात, “आजी-आजोबा आधी पायऱ्या किती ते विचारतात, मग बाकीचं.” मी बाहेर जाऊन पायऱ्या मोजून आले. इथे यंत्र नाही. दुपारी एक मुलगा चष्मे घेऊन पेठेत जातो आणि संध्याकाळी परत आणतो. त्याची जायची वेळ हीच या शाखेची खरी मुदत आहे. तिथेच बसून मजकूर लिहिला:

‘पौड रस्त्यावर, आनंदनगर मेट्रो स्थानकातून चालत पाच मिनिटं. दुकान तळमजल्यावर आहे. तीन पायऱ्या, कठडा उजव्या हाताला. डोळे तपासणी सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ८. काचा आमच्या सदाशिव पेठेतल्या शाखेत बसवल्या जातात. साधा चष्मा दुपारी १२ च्या आत सांगितलात तर त्याच संध्याकाळी मिळतो, नंतर सांगितलात तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. प्रोग्रेसिव्ह चष्म्याची सवय होत नसेल तर तो चष्मा आणि नंबरचा कागद घेऊन या. माप पुन्हा घेऊ, त्याचे पैसे नाहीत.’

शेवटची ओळ ताईंच्या बोलण्यातून आली. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा नंबर वर आणि वाचायचा खाली असतो. बुबुळ फ्रेममध्ये किती उंचीवर येतं याचं माप दोन-तीन मिलिमीटरने कमी आलं, तरी वाचताना हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखते. अशी माणसं इथे बऱ्याचदा येतात. मगरपट्ट्याच्या पानावर ही ओळ घातली असती तर ती पोकळ वाटली असती, कारण तिथे हा प्रश्न क्वचितच निघतो.

तीन

औंध. शाखा नवी, जागा छान, पण डोळे तपासणारे फक्त शनिवार-रविवारी येतात. मी हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मालकांचा फोन आला.

“ते नका लिहू. वाचून लोक येणारच नाहीत.”

“साहेब, मंगळवारी रजा टाकून आलेला माणूस दारातून परत गेला, तर तो शनिवारी येईल का?”

थोडा वेळ बोलणं झालं. अखेर असं ठरलं: ‘तपासणी शनिवार-रविवार. इतर दिवशी डॉक्टरांचा कागद आणलात तर फ्रेम निवडून चष्मा सांगता येतो. तपासणी त्याच दिवशी हवी असेल तर कोथरूडला या.’ शाखेची उणीव सांगितली की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो, आणि वायफळ फोनही कमी होतात. मालकांना हे पूर्ण पटलेलं नाही, पण ओळ राहिली.

साडेचार

मगरपट्ट्याचं फोनवरच आटोपलं. दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं, दुपारी बंद नाही, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी त्या अंतराच्या काचा कायम साठ्यात. तीन गोष्टी, तीन ओळी. लांबवायची गरज नाही.

साडेपाच

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम. पानावरचं नाव, पत्ता, फोन आणि वेळ नकाशावरच्या नोंदीशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि प्रत्येक नोंदीचा दुवा मुखपृष्ठाकडे न जाता त्या शाखेच्या पानाकडे गेला पाहिजे. नोंदीतल्या नावात ‘बेस्ट चष्मा कोथरूड’ असलं काही घालायचं नाही. पाटीवर आहे तेच नाव, गूगलचा नियमच तसा आहे. दुपारी बंद असणाऱ्या शाखेची वेळ कोडमध्ये दोन तुकड्यांत द्यावी लागते:

```json
"openingHours": ["Mo-Sa 10:00-13:00",
                 "Mo-Sa 16:00-20:00"]
```

सलग 10:00-20:00 दिलं, तर दुपारी दोन वाजता शोधणाऱ्याला दुकान उघडं दिसेल आणि तो कुलूप बघून परत जाईल.

अशी पानं जुनी होतात, कारण त्यात खऱ्या गोष्टी असतात. वेळा बदलतात, तपासणारे बदलतात. म्हणून प्रत्येक पानाला त्या शाखेतलं एक माणूस नेमून दिलं आहे, दर तीन महिन्यांनी वाचून बघायला. कोणत्या शोधाला कुठलं पान दिसतं ते मी सर्च कन्सोलमध्ये बघेन. कोथरूडच्या शोधाला औंधचं पान येऊ लागलं, तर दोन्ही पानं अजून पुरेशी वेगळी झालेली नाहीत असं समजायचं.

सात

मालकांची एक शेवटची मागणी: “वाघोलीचंही एक पान करा. शाखा नाही, पण तिकडून लोक येतात.” अशा पानावर लिहिण्यासारखं काहीच नसतं. पत्ता नाही, वेळ नाही, पायऱ्या नाहीत. फक्त शोधात सापडावं म्हणून गावागावाच्या नावाने केलेली, आत आलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवणारी पानं गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जातात, आणि नियम नसता तरी वाघोलीच्या माणसाला ती फसवणूकच वाटली असती. त्याऐवजी मगरपट्ट्याच्या पानावर एक ओळ घातली: वाघोलीहून येणाऱ्यांना आमची हीच शाखा जवळ. वाघोलीत दुकान उघडलं की तिथे जाऊन पान लिहीन, त्याआधी नाही.