छेदाचं चिन्ह माहीत नसताना

(x + 3)/(x − 1) > 2 ही असमानता सोडवायला दिली, की बहुतेक विद्यार्थी तिरकस गुणाकार करतात. x + 3 > 2x − 2 मिळतं, आणि त्यावरून x < 5. उत्तर नीटनेटकं दिसतं, पण ते चुकीचं आहे. x = 0 हा आकडा 5 पेक्षा लहान आहे. तो मूळ असमानतेत घाला. डावीकडे 3 भागिले −1, म्हणजे −3 येतं, आणि −3 काही 2 पेक्षा मोठा नाही.

तिरकस गुणाकार म्हणजे खरं तर दोन्ही बाजूंना छेदाने गुणणं. समीकरणात छेद शून्य नसला की एवढं पुरतं, कारण समान गोष्टींना कशानेही गुणलं तरी त्या समानच राहतात. असमानतेत मात्र क्रम जपायचा असतो. 2 हा 5 पेक्षा लहान. दोघांना −1 ने गुणा, आता −2 हा −5 पेक्षा मोठा. ऋण संख्येने गुणलं की संख्यारेषा शून्याभोवती उलटी फिरते, म्हणून चिन्हही उलटवावं लागतं. इथे छेद x − 1 आहे. x जर 1 पेक्षा मोठा असेल तर तो धन, लहान असेल तर ऋण. x किती हे आपल्याला अजून माहीतच नाही, तरी आपण छेद धन आहे असं गुपचूप धरून चाललो. चूक तिथे आहे.

मग दोन्ही शक्यता वेगळ्या तपासू. x > 1 असताना गुणाकार सरळ होतो आणि x < 5 मिळतं. म्हणजे 1 ते 5 मधल्या संख्या. x < 1 असताना चिन्ह उलटतं आणि x > 5 मिळतं. एकच संख्या 1 पेक्षा लहान आणि 5 पेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून इथून काहीच हाती लागत नाही. खरं उत्तर 1 < x < 5. घाईच्या उत्तरात 1 आणि त्याखालच्या साऱ्या संख्या फुकट शिरल्या होत्या.

कधी उलटंही होतं. 1/x < 2 मध्ये घाईने x > 1/2 येतं आणि सगळ्या ऋण संख्या निसटतात, जरी त्या प्रत्येकीसाठी 1/x ऋण, म्हणजे 2 पेक्षा लहानच असतो.

मला स्वतःला गुणाकार टाळणारी रीत जास्त भरवशाची वाटते. 2 डावीकडे आणा, समान छेद घ्या: (5 − x)/(x − 1) > 0. अंश आणि छेद दोन्ही एकाच चिन्हाचे हवेत, आणि तसं फक्त 1 आणि 5 च्या मध्येच घडतं. छेद x² + 1 सारखा नेहमी धन असेल, तर मात्र बेधडक गुणा.

आणि प्रश्नात > ऐवजी ≥ असेल तर 5 उत्तरात घ्या. 1 कधीच घेऊ नका. तिथे छेद शून्य होतो.