तळणीचं तेल : गाळावं कसं, टाकावं कधी

तळणीचं तेल किती वेळा वापरलं तर चालतं, या प्रश्नाला बहुतेकांना एक आकडा हवा असतो. अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या ‘एफएसएसएआय’ या सरकारी संस्थेनं तो दिलाही आहे: शक्यतो एकदाच वापरा, आणि अगदीच लागलं तर तीनदा, त्यापुढे नाही. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, पण स्वयंपाकघरात तो अपुरा पडतो. वीस पुऱ्या तळल्या तरी एक वेळ होते आणि तीन तास चकल्या तळल्या तरी एकच वेळ होते. तेलाला मात्र या दोन्हींचा हिशेब सारखा लागत नाही. ते किती वेळ तापलं, किती कडक तापलं आणि त्यात काय पडलं, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं.

तापलेल्या तेलात तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना तेलाचे रेणू फोडतं आणि त्यातून मेदाम्लं सुटी होतात. ती वाढली की तेल कमी तापमानालाच धुरावू लागतं. दुसरीकडे हवेतला प्राणवायू तेलाशी जुळतो, त्यातून खवट वास येतो आणि अल्डिहाइड जातीची, शरीराला घातक संयुगं तयार होतात. तिसरं म्हणजे तुटलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब साखळ्या बनतात. तेल दाट होतं आणि कढईच्या कडेला तो पिवळट, राळेसारखा चिकट थर बसतो, जो घासता घासता हात दुखून येतात. या बिघाडातून जी संयुगं साठतात त्यांचं एकूण प्रमाण मोजता येतं. ते २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तपासणी अधिकाऱ्यांकडे त्यासाठी कढईत बुडवायचं यंत्र असतं. घरी ते नसतं, म्हणून डोळे, नाक आणि तळलेला पदार्थ यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

दिवाळीच्या फराळाचंच उदाहरण घेऊ, कारण वर्षातलं सर्वांत मोठं तळण तेव्हाच होतं. समजा, एक लिटर शेंगदाणा तेल आहे आणि करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या करायच्या आहेत. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. करंजीची पारी रवा-मैद्याची, त्यात हळद-तिखट काही नाही, म्हणून ती आधी तळावी. नंतर शंकरपाळे घ्यावेत. त्यांच्यातली साखर थोडी तेलात उतरते आणि तेलाला रंग आणते. चकली शेवटी, कारण भाजणीतलं तिखट, ओवा आणि तीळ तेलात उतरले की तो वास आणि रंग पुन्हा निघत नाही. हाच क्रम उलटा केला तर करंज्यांना चकलीचा वास लागतो. शिवाय चकलीच्या चुऱ्यानं आधीच मलूल झालेल्या तेलात उरलेलं सगळं तळावं लागतं.

करंजी तेलात फुटली तर मात्र थांबावं. आतलं गोड सारण सुटून तळाशी जातं आणि साखर काही मिनिटांत जळून काळी होते. पुढचा प्रत्येक घाणा मग त्या जळक्या कणांतून निघतो. गॅस बंद करून बारीक जाळीच्या झाऱ्यानं दिसेल तेवढं सारण काढून घ्यावं. खूपच सांडलं असेल तर तेल थोडं निववून गाळून घ्यावं आणि मगच पुढे जावं. चकलीच्या पिठात मोहन जास्त झालं की ती तेलात विरते, तिथेही हेच करावं. तळताना प्रत्येक घाण्यानंतर वर तरंगणारा चुरा काढत राहणं हे गाळण्याइतकंच मोलाचं काम आहे, कारण जळलेला कण तेलात जितका वेळ राहील तितका वेळ ते तेल बिघडत राहतं. दोन घाण्यांच्या मध्ये फोन आला तर गॅस बारीक न ठेवता बंदच करावा. रिकामं तापणारं तेलही झिजत असतं.

आता गाळणं. तळण संपल्या संपल्या कढत तेल गाळायला जाऊ नये. हात भाजण्याचा धोका तर आहेच, पण प्लॅस्टिकचं गाळणंही वितळतं. उलट, रात्रभर कढईत उघडं ठेवून सकाळी गाळू असंही करू नये. विशेषतः लोखंडी कढईत नाही, कारण लोखंडाच्या सहवासात तेल लवकर खवट होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तर ते ठेवूच नये. तासा-दीड तासात कढई बाहेरून हाताला सोसवेल इतकी कोमट होते. तीच गाळायची वेळ. कोमट तेल पातळ असल्यामुळे कापडातून चटकन उतरतं, आणि तोवर जड गाळ आपोआप तळाशी बसलेला असतो.

आधी स्टीलच्या चहाच्या गाळणीतून मोठा चुरा वेगळा करावा. मग त्याच गाळणीवर धुतलेल्या मलमलीची दुहेरी घडी घालून तेल दुसऱ्यांदा, सावकाश, धार न मोडता ओतावं. कढई हलवू नये. तळाचं दोन-तीन चमचे तेल गाळासकट तिथेच राहू द्यावं, त्याचा मोह धरू नये. कापड पिळायचं नाही, कारण पिळलं की अडवलेलं बारीक पीठ तेलात परत जातं. कापड, गाळणी आणि ज्यात तेल भरायचं ते भांडं हे तिन्ही पूर्ण कोरडे हवेत. पाण्याचा एक थेंब पुढच्या वेळी तेल उडवतो आणि साठवणीतही ते खराब करतो. कापडात साबणाचा अंशही राहायला नको, कारण साबणामुळे तेलाला फेस येतो. म्हणून जुन्या धोतराचा किंवा साडीचा एक तुकडा या कामापुरता वापरून टाकून दिलेला बरा.

गाळलेलं तेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत, शक्य तितकं काठोकाठ भरून, गॅसपासून दूर आणि अंधाऱ्या फडताळात ठेवावं. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवा तेलाशी जुळत राहते, म्हणून तेल कमी असेल तर भांडंही लहान घ्यावं. नव्या तेलाच्या बरणीत ते ओतू नये. जुन्यात नवं मिसळल्यानं जुनं सुधारत नाही, नवं मात्र लवकर जातं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तेलात बटाट्याची चकती तळली की ते शुद्ध होतं, असं अनेक घरांत मानतात. बटाट्यानं थोडा वास कमी झाल्यासारखा वाटतो. कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून मंद तेलात घातलं तर त्याचा गोळा होतो आणि बारीक कण त्यात अडकून तेल खरोखरच नितळ दिसतं. पण या उपायांनी फक्त कचरा निघतो. गाळण्यानंही तेवढंच होतं. फुटलेले रेणू कापडातून सहज पलीकडे जातात, आणि नितळ दिसणारं तेल आतून पार थकलेलं असू शकतं.

मग ते थकलंय हे ओळखायचं कसं? रंगावर एकट्यावर विसंबू नये. चकलीच्या तिखटानं तेल पहिल्याच दिवशी तांबूस होतं आणि तरी ते बरं असतं. त्याउलट फिक्या पुऱ्या तळून तळून दमलेलं तेल बऱ्यापैकी उजळ दिसतं. मला सर्वांत भरवशाची वाटते ती खूण फेसाची आहे. पदार्थ सोडल्यावर मोठे, खळखळणारे बुडबुडे येतात आणि पदार्थातलं पाणी संपलं की ते विरतात. ती वाफ आहे, त्यात काही वावगं नाही. पण बारीक, दाट, साबणासारखा फेस येऊन तो कढईच्या काठाकडे चढू लागला आणि पदार्थ काढल्यावरही मोडला नाही, तर तेल संपलं असं समजावं.

दुसरी खूण धुराची. नेहमीच्या आचेवर, पदार्थ सोडण्याआधीच धूर निघू लागला आणि डोळे चुरचुरले, तर तो धूर तेल तुटल्याचा आहे. डोळ्यांना झोंबणारं ते संयुग म्हणजे अॅक्रोलिन. तिसरी खूण हातानं कळते. गार तेल चमच्यातून सोडलं की नव्या तेलासारखं झरझर न पडता जड, तार धरल्यासारखं ओघळतं. वासाला ते खवट, रंगाच्या डब्यासारखं लागतं. यांतली एकही खूण दिसली तर ते कितव्यांदा वापरलंय हे मोजत बसायची गरज नाही.

पदार्थही सांगतो. थकलेलं तेल पदार्थाला जास्त चिकटतं, म्हणून वडा बाहेरून झटकन काळपट होतो आणि आत कच्चा राहतो. कागदावर काढल्यावर तो तेल सोडत बसतो. अशा वेळी दोष बहुतेक पिठाला दिला जातो, पण आधी तेलाकडे पाहावं.

आपल्या फराळाच्या तेलाचं पुढे काय? पहिल्या दिवशी करंज्या आणि शंकरपाळे झाले, रात्री तेल गाळलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चकल्या झाल्या. माझ्या मते त्याची तळणीतली कामगिरी इथे पुरी झाली. पुन्हा गाळून, वास-रंग ठीक असेल तर ते पुढच्या दोन-तीन दिवसांत उसळीच्या किंवा पिठल्याच्या फोडणीला संपवावं. तीळ-ओव्याचा वास तिथे खुपत नाही. महिनाभर जपून ठेवण्यात काटकसर नाही, कारण एकदा तापलेलं तेल नुसतं डब्यात बसूनही नव्या तेलापेक्षा लवकर बिघडतं. मासे तळलेलं तेल दुसऱ्या कशालाच चालत नाही आणि त्यात मीठ, हळद, रवा सगळंच उतरलेलं असतं, म्हणून ते एका वेळचंच धरावं. करडईचं आणि सूर्यफुलाचं साधं तेल लवकर हवा धरतं, त्यामुळे दुसऱ्यांदा तळायचंच असेल तर शेंगदाणा बरा.

खरी बचत तेल उरूच न देण्यात आहे. पसरट कढईऐवजी लहान, खोलगट कढई घेतली तर दहा-बारा पुऱ्यांना पाव लिटर तेल पुरतं. घाणे लहान होतात, वेळ थोडा जास्त जातो, पण शेवटी गाळायला उरतं ते एका भाजीच्या फोडणीपुरतं.

टाकायचं तेल मोरीत ओतू नये. नळीत ते साबण-खरकट्याशी मिळून घट्ट बसतं आणि पाणी तुंबतं. घरातलं थोडं तेल रद्दी कागदात किंवा भुश्यात जिरवून कचऱ्यात द्यावं. हॉटेलांचं, फरसाणवाल्यांचं तेल मात्र मोठ्या प्रमाणात निघतं आणि ते पूर्वी सर्रास स्वस्तात पुढच्या लहान विक्रेत्याला विकलं जाई. हे थांबावं म्हणून २०१८ साली ‘रुको’ ही योजना सुरू झाली. तिच्यातून असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल केलं जातं, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवावी लागते. कोपऱ्यावरच्या गाडीवर वडा घेताना, कढईत तो दाट फेस काठापर्यंत चढलेला दिसला, तर जुनं तेल कधी बदलता आणि कुणाला देता, हे गिऱ्हाईक म्हणून जरूर विचारावं.